०.४ सेकंदाचा हेलकावा

चावीच्या मनगटी घड्याळाचे मागचे झाकण काढले की एक चाक डोळ्यांत भरते. बाकीची चाके जागच्या जागी उभी असल्यासारखी दिसतात. हे एकटे मात्र अर्ध्याहून जास्त फेरी एका बाजूला घेते, थबकते आणि तितकेच उलट फिरते. हे बॅलन्स चक्र. त्याच्या आसाभोवती नजरेला जेमतेम दिसणारी चपट्या तारेची वेटोळी असतात, ती हेअरस्प्रिंग. आतले टोक चक्राच्या आसाला आणि बाहेरचे टोक चक्रावरच्या पुलाला पक्के केलेले असते. घड्याळातला वेळ ठरतो तो या दोघांत. मुख्य स्प्रिंग फक्त ताकद पुरवते, दातांची चाके फक्त मोजदाद करतात.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत अजून जपून ठेवलेले एचएमटीचे ‘जनता’ घड्याळ याच जातीचे. बंगळूरच्या कारखान्यात १९६१ पासून, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने, एचएमटीची घड्याळे बनू लागली. ‘जनता’चा ठोका तासाला १८,०००. बॅलन्स चक्राच्या एका पूर्ण आंदोलनात, म्हणजे जाऊन परत येण्यात, दोन ठोके पडतात. तेव्हा एका आंदोलनाला ०.४ सेकंद लागतात आणि दिवसाला अशी २,१६,००० आंदोलने होतात. हे ०.४ सेकंद येतात कुठून आणि ते इतके स्थिर का राहतात, हे स्प्रिंगच्या जोरावरून काढता येते. त्यासाठी लागणारे गणित बारावीच्या पुस्तकापलीकडचे नाही.

१६७५ पूर्वीच्या खिशातल्या घड्याळांत चक्र होते, पण हेअरस्प्रिंग नव्हती. दाते चक्राला एकीकडे ढकलत, मग दुसरीकडे ढकलत. चक्राला स्वतःचा असा दोलनकाळ नव्हताच. मुख्य स्प्रिंगचा जोर वाढला की ते भरभर हले, जोर ओसरला की रेंगाळे. दिवसात अर्धा तास चूक होणे तेव्हा नवल नव्हते. १६७५ च्या जानेवारीत डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी चक्राला सर्पिल स्प्रिंग जोडण्याची कल्पना मांडली आणि पॅरिसचे घड्याळजी इझाक त्युरे यांनी ती प्रत्यक्षात आणली. लंडनमध्ये रॉबर्ट हुक यांनी, ही युक्ती आपली आधीची आहे, असा दावा केला आणि दोघांचा वाद बराच पेटला. श्रेय कोणाला द्यायचे ते देऊ, पण ही युक्ती चालते ती हुक यांच्याच नियमामुळे. १६७८ मध्ये त्यांनी तो उघड केला: स्प्रिंग जितकी ताणावी, तितक्याच प्रमाणात ती परत ओढते.

आपल्या सर्पिल स्प्रिंगच्या बाबतीत ताणणे म्हणजे वळवणे. चक्र मधल्या, विसाव्याच्या जागेपासून θ कोनातून वळले, तर स्प्रिंग त्याला मागे वळवणारा टॉर्क लावते. हा टॉर्क कोनाच्या प्रमाणात वाढतो. प्रमाण दाखवणारा आकडा k हा स्प्रिंगचा टॉर्क स्थिरांक. एक रेडियन वळवायला किती टॉर्क लागतो, ते तो सांगतो. दुसऱ्या बाजूला चक्राचे जडत्व आघूर्ण I आहे, म्हणजे चक्राला फिरवायला किंवा फिरते चक्र थांबवायला किती जड जाते त्याचे माप. टॉर्कला जडत्व आघूर्णाने भागले की कोनीय त्वरण मिळते:

α = −(k/I) θ

उणे चिन्ह एवढेच सांगते की त्वरण नेहमी विसाव्याच्या जागेकडे असते. विस्थापनाच्या प्रमाणात आणि उलट दिशेने त्वरण असले, की ती गती सरल आवर्ती असते आणि तिचा दोलनकाळ असा येतो:

T = 2π √(I/k)

या सूत्रात काय नाही, ते आधी पाहावे. चक्र किती मोठा हेलकावा घेते, त्या आयामाचा इथे पत्ताच नाही. कारण साधे आहे. चक्र दुप्पट लांब वळले तर स्प्रिंग दुप्पट जोराने ओढते, त्यामुळे चक्र दुप्पट वेगाने परत येते आणि दुप्पट अंतर तेवढ्याच वेळात कापते. सकाळी चावी दिल्यावर चक्र २८० अंश वळत असेल आणि दुसऱ्या पहाटे २२० अंश, तरी दोलनकाळ तोच राहायला हवा. मुख्य स्प्रिंगचा ओसरता जोर वेळेपर्यंत पोचू नये, याची ही खरी तटबंदी. गुरुत्वाकर्षणाचाही सूत्रात उल्लेख नाही. म्हणूनच लंबकाचे घड्याळ भिंतीवरून हलले की बिघडते आणि हे मनगटावर चालते.

आता एक उदाहरण पुरते सोडवू. पुरुषांच्या मनगटी घड्याळात शोभेल असे एक चक्र घेऊ. आकडे कोणा एका घड्याळावरून मोजलेले नाहीत, हिशेब सोपा जावा म्हणून गोल केले आहेत. चक्राच्या कडेचे वस्तुमान ४० मिलीग्रॅम, आसापासून कडेचे अंतर ५ मिलिमीटर. आरे आणि आस हलके असून मध्याजवळ असल्याने ते सोडून देऊ. मग I म्हणजे वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग: १ × १०⁻⁹ किलोग्रॅम-मीटर².

स्प्रिंगचा k मोजण्याची पहिली सुचणारी रीत वजनाची. आस आडवा धरायचा, कडेवर बारीक धागा गुंडाळायचा आणि धाग्याला इतके वजन लावायचे की चक्र पाव फेरी वळून थांबेल. समजा त्यासाठी ९.१३ मिलीग्रॅम लागले. वजनाचे बल सुमारे ८.९६ × १०⁻⁵ न्यूटन, ते ५ मिलिमीटरवरून लागते, म्हणून टॉर्क ४.४८ × १०⁻⁷ न्यूटन-मीटर. पाव फेरी म्हणजे १.५७ रेडियन. भागाकार केला की k येतो २.८५ × १०⁻⁷ न्यूटन-मीटर प्रति रेडियन.

हाच आकडा स्प्रिंगच्या मापांवरूनही निघतो. चपटी पट्टी वाकवताना ती किती विरोध करते, यासाठीचे सूत्र असे:

k = E b h³ / 12L

E हा धातूचा यंग गुणांक, b पट्टीची उंची, h जाडी आणि L वेटोळे उलगडल्यावर भरणारी लांबी. स्प्रिंगच्या मिश्रधातूसाठी E १९० गिगापास्कल धरा, उंची ०.१ मिलिमीटर, जाडी ०.०३ मिलिमीटर आणि लांबी १५० मिलिमीटर. उत्तर तेच येते, २.८५ × १०⁻⁷. नीट पाहिले तर या स्प्रिंगला ‘पीळ’ बसतच नाही. चक्र वळते खरे, पण पट्टी आपल्या लांबीभर किंचित वाकते, एवढेच. म्हणून सूत्रात वाकण्याचा यंग गुणांक येतो, पिळाला होणारा विरोध सांगणारा दृढता गुणांक येत नाही.

आता दोलनकाळ. I ला k ने भागले की ०.००३५१, त्याचे वर्गमूळ ०.०५९२, त्याला 2π ने गुणले की ०.३७२ सेकंद. पण घड्याळातली चाके ०.४ सेकंदाच्या हिशेबाने दाते मोजतात. ही जोडी बसवली तर घड्याळ रोज साधारण १ तास ४८ मिनिटे पुढे जाईल. चूक आहे, पण दुरुस्त होण्याजोगी. k लांबीच्या व्यस्त प्रमाणात आहे, म्हणून T लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. ०.४ सेकंद हवे असतील तर लांबी (०.४ ÷ ०.३७२२)² पट, म्हणजे १.१५५ पट हवी: सुमारे १७३ मिलिमीटर. तेवढ्या लांबीला k उतरतो २.४७ × १०⁻⁷ वर आणि घड्याळ वेळेवर येते.

कागदावर हे इतके सहज जमते की कारखान्यात थेट १७३ मिलिमीटरची स्प्रिंग कापून का बसवत नाहीत, असा प्रश्न पडेल. उत्तर जाडीच्या त्या घनात आहे. h चा घन k मध्ये येतो, त्यामुळे T जाडीच्या दीडव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. जाडीत १ टक्का फरक म्हणजे दोलनकाळात दीड टक्का. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांचा दीड टक्का म्हणजे जवळपास २२ मिनिटे. आणि ०.०३ मिलिमीटरचा १ टक्का म्हणजे ०.०००३ मिलिमीटर, माणसाच्या केसाच्या जाडीचा दोनशेवा भाग तरी असेल की नाही. पट्टी याहून अचूक लाटण्यावर विसंबून दिवसाला काही सेकंदांची शिस्त गाठणे अशक्यच. वजनाने k मोजण्याची रीतही इथे तोकडी पडते, कारण आसाच्या टोकांचे घर्षण त्या ९ मिलीग्रॅमच्या पारड्यात गडबड करते आणि आकडा दोन-तीन अंकांपुढे विश्वासाचा उरत नाही.

घड्याळ बनवणाऱ्यांनी यावर शोधलेली तोड मला या साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. त्यांनी k मोजायचे सोडून दिले आणि थेट T जुळवला. एका पेटीत काचेखाली प्रमाण चक्र असते, त्याची स्प्रिंग आधीच नेमकी जुळवलेली. नव्या चक्राच्या आसावर नवी स्प्रिंग बसवतात आणि तिचे बाहेरचे टोक चिमट्यात धरून चक्र त्या काचेवर टोक टेकेल असे लोंबते ठेवतात. मग दोन्ही चक्रांना एकदम हेलकावा देतात. वरून पाहिले की दोन्ही चक्रांचे आरे एकमेकांवर येतात. वरचे चक्र हळूहळू पुढे निघू लागले तर स्प्रिंग आखूड धरली आहे. चिमटा थोडा बाहेर सरकवायचा. मागे पडू लागले तर आत घ्यायचा. एका मिनिटात दीडशे आंदोलने होतात, त्यामुळे एका आंदोलनात न दिसणारा फरक मिनिटभरात ठळक होतो. आरे सोबत राहिले की चिमट्याची जागा लक्षात ठेवायची आणि स्प्रिंग तिथे खुंटीला पक्की करायची. मोठ्या कारखान्यांत चक्रे जडत्वानुसार आणि स्प्रिंगा जोरानुसार आधीच गटांत निवडून जोड्या लावतात, पण तत्त्व हेच: दोन्ही वस्तू हव्या तितक्या अचूक बनत नाहीत, म्हणून त्यांची जोडी अचूक करायची.

उरलेली बारीक दुरुस्ती बॅलन्सच्या पुलावरच्या छोट्या दांड्याने होते. त्याच्या टोकाला दोन खिळे असतात आणि स्प्रिंगचे बाहेरचे वेटोळे त्यांच्यामधून जाते. दांडा सरकवला की स्प्रिंगची कामाची लांबी बदलते. किती? दिवसाला १ सेकंदाचा फरक म्हणजे ८६,४०० मध्ये एक. लांबीत त्याच्या दुप्पट प्रमाणाचा बदल हवा. १७३ मिलिमीटरच्या स्प्रिंगला तो होतो ०.००४ मिलिमीटर. दांड्याला नुसते बोट लागले तरी घड्याळ मिनिटांनी का बदलते, ते यावरून कळेल.

सूत्रातले k आणि I स्थिर राहिले तरच हे सारे खरे, आणि उष्णता दोन्हींना हात लावते. पोलादाची स्प्रिंग तापली की तिचा E कमी होतो, प्रत्येक अंश सेल्सिअसला दहा लाखांत सुमारे २४०. पट्टी थोडी फुगते, त्याने काही भरपाई होते. पितळेचे चक्र प्रसरण पावते, त्याने I वाढतो आणि घड्याळ आणखी मागे पडते. बेरीज केली की दिवसाला, दर अंशाला, १० ते ११ सेकंदांची पिछाडी येते. पुण्यात जानेवारीच्या पहाटेपासून एप्रिलच्या दुपारपर्यंत २५ अंशांचा फरक सहज पडतो. असे घड्याळ त्या दोन तापमानांत दिवसाला चार मिनिटांहून अधिक वेगळे चालेल. जवळजवळ दीडशे वर्षे यावर उपाय चक्रात शोधला गेला: पितळ आणि पोलाद एकत्र जोडलेली, दोन ठिकाणी कापलेली कड, जी तापल्यावर आत वळून I कमी करते.

स्प्रिंगच सुधारण्याचे काम स्वित्झर्लंडमधल्या घड्याळजीच्या घरात जन्मलेल्या शार्ल एदुआर ग्योम यांनी केले. पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजन-माप संस्थेत निकेल-पोलादाचा अभ्यास करताना त्यांना आधी इन्व्हार सापडले, जे तापून जवळजवळ वाढत नाही, आणि पुढे एलिन्व्हार, ज्याचा E तापमानाने फारसा हलत नाही. १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवरील या कामासाठी मिळाले. १९३० च्या दशकात राइनहार्ड श्ट्राउमान यांनी निव्हारॉक्स हा मिश्रधातू आणला आणि कापलेल्या कडेचे चक्र मागे पडत गेले.

आयामाचा प्रश्न मात्र एवढ्याने मिटत नाही. सूत्र म्हणते, आयामाशी संबंध नाही. प्रत्यक्ष घड्याळ उभे धरले की तसा संबंध दिसू लागतो. चक्राच्या कडेवर एका ठिकाणी ०.०१ मिलीग्रॅम जास्त आहे असे समजू, आणि चक्र विसाव्याच्या जागी असताना तो जड बिंदू तळाशी येतो. घड्याळ टेबलावर आडवे असेल तर गुरुत्वाकर्षण आसाच्या दिशेने लागते आणि काही बिघडत नाही. उभे केले की तो बिंदू चिमुकल्या लंबकासारखा वागतो आणि स्प्रिंगच्या टॉर्कमध्ये स्वतःचा टॉर्क मिसळतो. हा टॉर्क कोनाच्या नाही, कोनाच्या साइनच्या प्रमाणात असतो. लहान हेलकाव्यांत तो चक्राला मध्याकडे खेचतो, म्हणजे k वाढल्यासारखे होते आणि घड्याळ पुढे जाते. पण चक्र १८० अंशांपलीकडे गेले की जड बिंदू वरून पलीकडे उतरू लागतो आणि तोच टॉर्क चक्राला मध्यापासून दूर ढकलतो.

एका पूर्ण आंदोलनाची सरासरी काढली तर आपल्या चक्रासाठी उत्तर असे येते: आयाम १८० अंश असेल तर दिवसाला १५ सेकंद पुढे, २७० अंश असेल तर १० सेकंद मागे. मध्ये, जवळपास २२० अंशांवर, परिणाम शून्य होतो. या शून्यामुळे एक फसवणूक होते. पुरती चावी असताना उभे तपासलेले घड्याळ मागे पडते म्हणून दांडा सरकवला, तर चावी उतरल्यावर आयाम २२० च्या खाली जातो, दोष उलटतो आणि दांड्याची दुरुस्ती त्यात भर घालते. दोष लांबीत नव्हताच, चक्राच्या तोलात होता. तो ओळखायची खूण म्हणजे आडव्या स्थितीत दर नीट, पण मुकुट वर, मुकुट खाली, मुकुट डावीकडे अशा उभ्या स्थितींत वेगवेगळा, आणि चावी उतरताना फरकाची दिशा पालटणारा. उपाय म्हणजे चक्र काढून, स्प्रिंग वेगळी करून, दोन गुळगुळीत समांतर धारांवर आस ठेवून कुठली बाजू खाली जाते ते पाहणे आणि तिथून कणभर धातू काढणे.

दाते चक्राला ढकलतात तो धक्काही दोलनकाळात ढवळाढवळ करतो. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८२६ मध्ये दाखवले की नेमका मध्यावर दिलेला धक्का निरुपद्रवी असतो, मध्याआधी दिलेला घड्याळ पुढे काढतो आणि नंतर दिलेला मागे. म्हणून घड्याळजी हेअरस्प्रिंगचे आतले टोक अशा कोनात बसवतात की विसाव्याला धक्का देणारा भाग मध्यावर येईल. टायमिंग मशिनच्या पडद्यावर टिक आणि टक यांच्यामधला फरक मिलिसेकंदांत दिसतो, तो याच बसवणुकीचे माप.

तुमच्या घरातले जुने चावीचे घड्याळ एकाएकी दिवसाला पाच-दहा मिनिटे पुढे जाऊ लागले, तर ते स्वतः उघडून दांडा सरकवू नका. आपल्या उदाहरणातल्या स्प्रिंगला पाच मिनिटे म्हणजे लांबीत फक्त १.२ मिलिमीटरचा बदल, आणि एवढी लांबी दोन वेटोळी एकमेकांना चिकटली तरी नाहीशी होते. स्पीकरच्या किंवा पर्सच्या चुंबकाने वेटोळी चुंबकीय होतात, किंवा तेलाचा थेंब त्यांच्यावर पसरतो. दोन्हींत हेच घडते. घड्याळजीकडे गेलात की आधी चुंबकत्व काढायला सांगा, ते काही सेकंदांचे काम असते. मग पुरती चावी देऊन आणि एक दिवसाने, आडव्या व उभ्या स्थितींत दर आणि आयाम मोजून मागा. स्प्रिंग आणि चक्र यांच्यापैकी कोणाकडे दोष आहे, ते त्या चार-सहा आकड्यांतून दिसते.